टोस्टचे प्रूफ कानाने तपासावे

मुलगी डब्लिनला नोकरीला, लग्न तिथल्याच आयरिश मुलाशी ठरलेले, आणि सांगलीतल्या वडिलांना उशिरा कळते की जेवणाच्या वेळी उभे राहून आपल्याला इंग्रजीत बोलायचे आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भाषणांचा जुना क्रम असा : आधी वधूपिता, मग नवरदेव, शेवटी बेस्ट मॅन. वधूपित्याने पाहुण्यांचे स्वागत करायचे, मुलीविषयी चार शब्द बोलायचे, जावयाला आपले म्हणायचे आणि शेवटी सगळ्यांना उभे करून नवदांपत्यासाठी ग्लास उंचावायचा. हा टोस्ट. आपल्याकडे लग्नात वडिलांनी भाषण करण्याची रीत नाही, त्यामुळे ते आधी लिहून काढले जाते. लिहिलेले कुणा इंग्रजीच्या जाणकाराला दाखवले जाते. जाणकार स्पेलिंगे सुधारतो, स्वल्पविराम जागेवर बसवतो आणि कागद परत देतो. एवढ्याने टोस्ट तपासला गेला असे होत नाही.

कारण हा मजकूर पाहुणे वाचणार नाहीत, ऐकणार आहेत. पुस्तकाच्या प्रुफात जी चूक मोठी, ती इथे कुणाच्या लक्षातही येत नाही. वेदीला म्हणतात तो ‘ऑल्टर’ आणि बदलणे या अर्थाचा ‘ऑल्टर’, यांतले चुकीचे स्पेलिंग पडले तरी कानाला दोन्ही सारखेच. उलट पुस्तकात सहज खपणारे तीस शब्दांचे वाक्य माइकसमोर माणसाला अडवते. म्हणून टोस्ट तपासणाऱ्याने पहिल्या वाचनापासून मोठ्याने वाचावे, तेही उभे राहून.

समजा, मुलगी मृण्मयी आणि जावई ओवेन. वडिलांचा मसुदा ११४० शब्दांचा आहे. मनात वाचला तर पाचेक मिनिटांत संपतो, आणि फसगत इथेच होते. मनातल्या वाचनाचा वेग बोलण्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. सभेत सावकाश, समजेल असे इंग्रजी बोलायचे तर मिनिटाला १३० शब्द पुष्कळ झाले. म्हणजे ११४० शब्दांना पावणेनऊ मिनिटे लागतील, आणि हशा, टाळ्या, मध्येच दाटून येणारा कंठ धरला तर दहा. त्यानंतर अजून दोन भाषणे व्हायची आहेत. वधूपित्याला पाच मिनिटे पुरेशी आहेत, आणि थांबण्याची जागा सोडून पाच मिनिटांत साधारण ५५० शब्द बसतात. तेव्हा निम्म्याहून जास्त मजकूर जायला हवा.

तो इकडूनतिकडून एकेक शब्द छाटून जात नाही, आख्खे परिच्छेद काढावे लागतात. मराठी वडिलांच्या मसुद्यात पहिल्यांदा जावा असा परिच्छेद बहुधा शिक्षणाचा असतो : दहावीचे गुण, इंजिनिअरिंगचे कॉलेज, परदेशातली पदवी, कंपनी. त्यामागचा अभिमान खरा असतो, पण ऐकणाऱ्याला त्यातून मुलगी दिसत नाही. दुसरा परिच्छेद आभारांचा. हॉलवाले, केटरर, करवल्या यांचे आभार तिथे सहसा नवरदेव मानतो. वधूपित्यानेही मानले तर पाहुण्यांना तीच यादी दोनदा ऐकावी लागते. नवरदेवाला एक फोन करून कोण काय बोलणार ते वाटून घ्यावे. तिसरे, गोष्टी. तीन आठवणी लिहिल्या असतील तर एक ठेवावी. कोणती, हे ठरवण्याची माझी कसोटी सरळ आहे : जी आठवण फक्त याच मुलीची असू शकते, ती.

आपल्या मसुद्यात अशी एक आहे. मृण्मयी सहा वर्षांची असताना सायकलवरून पडली आणि रडण्याऐवजी तिने सायकलला लागले का, असे विचारले. वडिलांनी लिहिलेय : “व्हेन मृण्मयी, हू वॉज देन ओन्ली सिक्स, फेल ऑफ हर बायसिकल, शी डिड नॉट क्राय बट आस्क्ड मी व्हेदर द बायसिकल वॉज हर्ट, विच वॉज व्हेरी टिपिकल ऑफ हर.” व्याकरणात खोट नाही. पण हे एकोणतीस शब्द आहेत, आणि वडिलांच्या आवाजात ऐकले की दोन गोष्टी कळतात. ‘मृण्मयी’च्या पुढे मध्येच घुसलेल्या उपवाक्यामुळे ‘फेल’पर्यंत पोचताना श्वास संपत येतो. आणि गंमत ‘हर्ट’ या शब्दात आहे. लोक हसू लागतात तोच वडील पुढचे शेपूट वाचू लागतात. हसणारे गप्प होतात आणि शेपूटही कुणाला ऐकू येत नाही.

आता असे करू : “अॅट सिक्स, मृण्मयी फेल ऑफ हर बाइक. शी डिड नॉट क्राय. शी आस्क्ड मी, इज द बाइक हर्ट?” अठरा शब्द, तीन वाक्ये, तीन श्वास. मुलीचा प्रश्न तिच्याच तोंडी आला आणि ‘हर्ट’ शेवटी गेला. त्यानंतर कागदावर एक ओळ मोकळी सोडायची, म्हणजे नजर आपोआप थांबेल. इंग्रजी वाक्याचा भार बहुतेक वेळा शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर पडतो, म्हणून तिथे कोणता शब्द येतो ते प्रत्येक वाक्यात पाहावे. ‘अॅज वेल’, ‘अॅज यू ऑल नो’, ‘इन मेनी वेज’ अशी शेपटे सापडतील. ती बिनदिक्कत उडवावीत.

मराठी जिभेचा एक प्रश्न वेगळा आहे. इंग्रजीतले दोन ‘व’ आपल्या एकाच ‘व’मध्ये मिसळतात, त्यामुळे लग्नाच्या शपथांसाठीचा ‘व्हाउज’ हा शब्द आनंदोद्गारातल्या ‘वाव’सारखा ऐकू येतो. उच्चार दोन आठवड्यांत बदलत नाहीत. शब्द बदलता येतो. ‘व्हाउज’ काढून ‘प्रॉमिस’ घातला की प्रश्न मिटला.

खरी कसोटी नावांची. जावयाचे नाव कानाला ‘ओवेन’, पण आयरिश पद्धतीने कागदावर ते ई-ओ-आय-एन असे लिहिले जाते. विहीणबाई शिवॉन, मुलीची नणंद नीव्ह. या दोन नावांच्या स्पेलिंगमध्ये शिवॉनच्या पोटात ‘बीएच’ आहे आणि नीव्हच्या शेवटी ‘एमएच’. आयरिशमध्ये या जोड्यांचा उच्चार ‘व’च्या जवळचा होतो. मराठी डोळा मात्र ‘बीएच’ला सवयीने ‘भ’ वाचतो, आणि विहीणबाई भर सभेत ‘सिओभान’ होतात. ही चूक माफ होते, विसरली जात नाही.

यावर आपल्याकडे इंग्रजांकडे नसलेले एक साधन आहे. वाचायच्या कागदावर नावे देवनागरीतच लिहावीत. बाकी मजकूर रोमन, मध्येच ठळक ‘शिवॉन’, ‘नीव्ह’, ‘ओवेन’. तो कागद दुसरे कुणी पाहणार नाही. पण देवनागरीत काय लिहायचे हे पत्रिका पाहून ठरवू नये. पत्रिकेत स्पेलिंग मिळते, उच्चार मिळत नाही. आणि एकच नाव दोन घरांत दोन तऱ्हांनी उच्चारले जाते. ज्याचे नाव त्याच्याकडूनच फोनवर त्याच्या आवाजात मागवून घ्यावे. उलट दिशेनेही हेच काम आहे. बेस्ट मॅनला सासरेबुवा ज्ञानेश्वर यांचे नाव घ्यायचे असेल तर आपण लिहितो ते ‘डी-एन-वाय’ त्याच्या काहीच कामाचे नाही. त्यालाही मुलीने आपल्या आवाजात नाव म्हणून पाठवावे.

आता राहिल्या घसरगुंडीच्या जागा. संगणकाची साधी स्पेलिंग-तपासणी फक्त अस्तित्वात नसलेले शब्द पकडते. असलेला पण चुकीचा शब्द ती सोडून देते, आणि लग्नाच्या भाषणात अशा शब्दांनी घात होतो. ‘युनायटेड’ म्हणजे जोडलेले. त्यातले आय आणि टी उलटे पडले की होते ‘अनटाइड’, म्हणजे गाठ सुटलेले. ‘मॅरिटल’ म्हणजे वैवाहिक. तीच दोन अक्षरे उलटली की ‘मार्शल’, म्हणजे युद्धाचे. पाठ नसलेला माणूस कागदावर जे आहे तेच वाचतो, त्यामुळे ही अक्षरे थेट माइकपर्यंत जातात. गळलेला ‘नॉट’ त्याहून वाईट. “आय कुड नॉट बी हॅपिअर” यातून तो गेला तर वडील म्हणतात, मी याहून आनंदी असू शकलो असतो. भाषणातले सगळे नकार एकदा बोट ठेवून वेगळे तपासावेत.

काही शब्द बरोबर असूनही दगा देतात, कारण एका स्पेलिंगला दोन उच्चार असतात. ‘टिअर्स’ म्हणजे अश्रू, ‘टेअर्स’ म्हणजे फाडतो. वर्तमानातला ‘रीड’ आणि भूतकाळातला ‘रेड’ लिहायला एकच. पुढचे वाक्य वाचल्याशिवाय कोणता उच्चार ते कळत नाही, आणि उभ्याने वाचणारा पुढचे पाहू शकत नाही. तिथे शब्द बदलावा, नाहीतर आधीच खूण पटेल असे काही घालावे. सालेही अंकांत ठेवू नयेत, बोलायची तशी अक्षरांत लिहावीत.

शेवटची ओळ सर्वांत जपून तपासायची, कारण ती एकटे वडील म्हणत नाहीत, सारा हॉल त्यांच्यामागून म्हणतो. उखाण्यात जसे नाव शेवटी येते, तसेच इथे. क्रमही पाहावा. “टु ओवेन अँड मृण्मयी” सहज म्हणता येते, उलट केले की अडखळते. लहान शब्द आधी, मोठा नंतर, ही सोय पाणिनीने द्वंद्व समासासाठी ‘अल्पाच्तरम्’ या सूत्रात सांगितलीच आहे. इंग्रजी कानालाही बहुधा तेच रुचते. नावांच्या आधी लोकांना उभे राहायला सांगणारे एक छोटे वाक्य आणि त्यानंतर भरपूर मोकळी जागा हवी. दोनशे खुर्च्या मागे सरकायला वेळ लागतो, आणि त्या आवाजात घेतलेली नावे वाया जातात. एका हातात माइक, दुसऱ्यात कागद, म्हणून ग्लास टेबलावरच राहतो. ‘कागद खाली, ग्लास हातात’ हेही त्या जागी मराठीत लिहून ठेवावे.

एवढे झाले की भाषण कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हाती कागद द्यावा, त्याला मोठ्याने वाचायला सांगावे आणि आपण पेन्सिल घेऊन ऐकावे. तो जिथे अडखळेल तिथे खूण करावी. मग वडिलांकडून वाचून घ्यावे. दोघे एकाच जागी अडखळले तर सराव वाढवू नका, वाक्य बदला. फक्त वडील अडखळले तर तेवढ्या जागेचा सराव करा. नंतर मोठ्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला, पानांना क्रमांक देऊन आणि कोणतेही वाक्य दोन पानांत तुटणार नाही असे पाहून दोन प्रती छापा. एक वडिलांच्या खिशात राहू द्या, दुसरी मुलीच्या आईकडे द्या. आणि लग्नाच्या आदल्या रात्री कुणी कितीही चांगली दुरुस्ती सुचवली तरी ती करू नका.