चाळीस सेकंदांत आजी

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या व्हिडिओसाठी न्यू जर्सी, मेलबर्न, नाशिकहून घरच्यांच्या क्लिप येतात आणि बहुतेकांत तेच ऐकू येतं: आजी प्रेमळ, कष्टाळू, आमचा आधार. सारं खरं, पण तिसऱ्या माणसापर्यंत ऐकणारा थकतो. म्हणून आधी प्रत्येकानं आपला प्रसंग कुटुंबाच्या ग्रुपवर एका ओळीत कळवावा. दोघांचा एकच निघाला तर एकानं बदलावा.

सावकाश बोलताना मिनिटाला साधारण 100 शब्द होतात. 40 सेकंदांत साठ-सत्तर. एवढ्यात एकच प्रसंग मावतो. मेलबर्नच्या नातवाला असं बोलता येईल: "आजी, दहावीला मी पहाटे चारला उठायचो, तेव्हा तू आधीच उठलेली असायचीस. काही बोलायची नाहीस. चहा टेबलावर ठेवून शेजारी गहू पाखडत बसायचीस. इथे रात्रपाळीला एकटा असलो की तो सुपाचा आवाज आठवतो. खूप शुभेच्छा, आजी."

लिहिलेलं मोठ्यानं वाचावं. श्वास अडेल तिथे वाक्य तोडावं. 'आपले अमूल्य मार्गदर्शन' अशी सत्कार-समारंभाची भाषा शिरली असेल तर ती काढावी. घरात आजीशी कुणी तसं बोलत नाही. कागद बघून वाचलं की डोळे खाली जातात आणि ते पडद्यावर लगेच कळतं. त्यापेक्षा दोन-तीन खुणेचे शब्द कॅमेऱ्याशेजारी चिकटवावेत. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद हवा. आजीला कमी ऐकू येत असेल तर बोलण्याखाली संगीत अजिबात घालू नये. दोन क्लिपांच्या मध्येच वाजवावं.