चीज सोडलं, पण सोया सॉसचं काय?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याला दिसलं, की नैराश्याची गोळी घेणाऱ्या आपल्या बायकोचं चीज खाल्लं की डोकं भयंकर दुखतं. त्याने लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरला पत्र लिहिलं. ब्लॅकवेल यांनी धागा पकडला आणि 1963 मध्ये या दुखण्याचा चीजशी असलेला संबंध मांडला.

ती गोळी ‘एमएओ’ नावाचं एन्झाइम रोखणाऱ्या गटातली होती. फेनेल्झिन आणि ट्रॅनिलसायप्रोमिन ही त्यातली जुनी नावं. प्रथिनं मुरताना, आंबताना जिवाणू त्यातून टायरामिन तयार करतात. एरवी आतडं आणि यकृत ते तिथल्या तिथे मोडून टाकतात. गोळीमुळे मोडणारंच थांबलं की टायरामिन रक्तात पोचतं, नसांमधलं नॉरअॅड्रेनालिन बाहेर ढकलतं आणि रक्तदाब झपाट्याने चढतो.

‘जुनं चीज नको’ हे रुग्णाच्या लक्षात राहतं. ताजं पनीर चालतं, हेही कळतं. माझ्या मते खरा घोटाळा सोयाबीनपाशी होतो, कारण ‘सोया’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. सोया वड्या, सोया दूध, ताजं टोफू आंबवलेलं नसतं, ते चालतं. टोफू मात्र फ्रिजमध्ये आठवडाभर पडून राहिलं, तर त्यातही टायरामिन वाढतं. मिसो, नाट्टो, आंबवलेलं टोफू, काळ्या सोयाबीनची चिनी पेस्ट टाळावीच. नागालँडचं अखुनी, मणिपूरचं हवाइजार, सिक्कीमचं किनेमा हेही सोयाबीन आंबवूनच करतात, म्हणून तेही याच रांगेत.

सोया सॉसचा हिशोब करून पाहू. एका जेवणात सहा मिलिग्रॅमपर्यंत टायरामिन बहुतेकांना सोसतं. तपासलेल्या काही सॉसमध्ये लिटरमागे 900 मिलिग्रॅमहून अधिक सापडलं, काहींत जवळजवळ नाहीच. म्हणजे वाईट बाटलीतला एक मोठा चमचा, 15 मिलिलिटर, सुमारे 14 मिलिग्रॅम देतो. बाटलीवर हे छापलेलं नसतं. गाडीवरच्या फ्राइड राइसमध्ये किती चमचे पडले, हेही कळत नाही. शिजवून, उकळून टायरामिन जात नाही, म्हणून ‘गरम केलंय ना’ हा दिलासा खोटा आहे.

बाकल्याच्या शेंगांचा धोका निराळा. त्यात टायरामिन नव्हे, डोपामिन तयार करणारा एल-डोपा असतो, पण रक्तदाब तोही चढवतो. तूर, मूग, राजमा ताजे शिजवले तर भीती नाही.

खाल्ल्यावर साधारण दोन तासांच्या आत डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका, मान आखडणं, घाम, छातीत धडधड सुरू झाली, तर तडक रुग्णालय गाठायचं आणि कोणती गोळी घेतो ते तिथे आधी सांगायचं. घरातली रक्तदाबाची गोळी मनाने घेऊ नये, दाब एकदम कोसळू शकतो. आणि डॉक्टरांनी औषध बंद केलं, तरी पथ्य आणखी दोन आठवडे पाळायचं, कारण शरीराला ते एन्झाइम नव्याने बनवावं लागतं.