उलट्या सारणीशिवाय उत्तर

धातूच्या चौकोनी पत्र्याच्या कडांचं तापमान ठाऊक आहे, आतलं काढायचं आहे. पत्र्यावर 1000 गुणिले 1000 बिंदूंची जाळी आखली, की 10 लाख अज्ञातं आणि तितकीच समीकरणं तयार होतात. सगळे सहगुणक सारणीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये मांडले तर एक लाख कोटी जागा लागतात. नेहमीच्या अचूकतेने ते साठवायलाच 8 टेराबाइट हवेत. पण प्रत्येक बिंदूचा संबंध फक्त शेजारच्या चार बिंदूंशी असल्याने जवळपास सगळ्या जागांवर शून्य असतं. शून्येतर आकडे जेमतेम 50 लाख. ही सारणी उलटी करायला गेलं तर शून्यांच्या जागा भरत जातात. तिने एखाद्या सदिशाला गुणणं मात्र अगदी स्वस्त पडतं.

मग नुसत्या गुणाकारांवर उत्तर मिळेल का?

मिळतं, आणि ते छोट्या उदाहरणात हाताने पडताळता येतं. सारणी A च्या ओळी (2, 1) आणि (1, 2) घेऊ, उजवी बाजू b = (1, 0). एकदा गुणल्यावर Ab = (2, 1). आता b ची चौपट करून त्यातून Ab वजा करा आणि तिनाने भागा: (2/3, −1/3). Ax = b चं हेच नेमकं उत्तर! सारणी कुठेही उलटी करावी लागली नाही.

b, Ab, A²b अशा सदिशांच्या बेरीज-वजाबाकीतून जे जे सदिश बनतात, त्यांच्या समूहाला क्रिलॉव्ह उपअवकाश म्हणतात. जहाजबांधणीतले रशियन तज्ज्ञ अलेक्सेई क्रिलॉव्ह यांनी 1931 मध्ये कंपनांच्या वारंवारता काढण्यासाठी अशा गुणाकारांचा आधार घेतला होता.

नुसतं गुणत राहिलं तर मात्र घात होतो. वरच्याच उदाहरणात दहाव्या गुणाकारानंतर (29525, 29524) येतं, अकराव्यानंतर (88574, 88573). दोघांची दिशा जवळजवळ एकच, त्यामुळे संगणकाच्या मर्यादित दशांशांत नवी माहिती बुडून जाते. म्हणून प्रत्येक नव्या सदिशातून जुन्या दिशांचा भाग काढून टाकावा लागतो. हेस्टेनीस आणि श्टिफेल यांनी 1952 मध्ये मांडलेल्या ‘कॉन्जुगेट ग्रेडियंट’ पद्धतीचं सौंदर्य इथेच आहे. पत्र्यासारख्या सममित, धन-निश्चित सारणीसाठी तिला मागचे सगळे सदिश जपावे लागत नाहीत, मोजकेच पुरतात.

कागदावर ही पद्धत 10 लाख पायऱ्यांत नक्की संपते. व्यवहारात त्याच्या कितीतरी आधी पुरेसं चांगलं उत्तर हाती येतं. तरी जाळी दोन्ही दिशांनी दुप्पट बारीक केली, की पायऱ्याही साधारण दुप्पट होतात आणि प्रत्येक पायरीचं काम चौपट. म्हणूनच मूळ समीकरणांना आधी सोप्या, अंदाजे उलट्या सारणीचा हात लावतात. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात, आणि मोठ्या गणनांत वेळेचा खरा फरक बहुधा तिथेच पडतो.

एक धोका तरीही उरतो. प्रत्येक पायरीला शिल्लक त्रुटीचा आकडा आदल्या आकड्यावरून पुढे चालवला जातो. पूर्णांकनाच्या चुका साचल्या, की तो घसरत राहतो आणि खरी त्रुटी जागीच अडते. ते ओळखायला अधूनमधून b − Ax थेट मोजायचं: खर्च फक्त आणखी एका गुणाकाराचा.