काळ्याखेरीज दुसरा रंग

ऑफिससाठी चप्पल किंवा पर्स घ्यायची म्हटलं की हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो. काळ्यावर मळ दिसत नाही हे खरं, पण अबोली कुर्ता आणि पांढऱ्या लेगिंगखाली काळी चप्पल एकटीच उठून दिसते. म्हणून खरेदीआधी कपाट उघडा आणि कुर्त्यांऐवजी लेगिंग, सलवारी, पँटी पाहा. कुर्ते बरेच असतात, पण यांचे रंग चार-पाचच असतात आणि चप्पल दिसते ती यांच्याशेजारी.

समजा, तुमच्याकडे नेव्ही पँट, निळी जीन्स, क्रीम आणि पांढरी लेगिंग आहे. यांच्यावर टॅन, म्हणजे कोल्हापुरी चपलेचा तो तपकिरी रंग, सगळीकडे चालतो. नेव्हीजवळ तो उजळतो, क्रीमजवळ मिसळून जातो. वर मोरपंखी, मोहरी, मरून काहीही घाला. कपाट काळ्या-राखाडीनं भरलेलं असेल, तर मात्र काळा किंवा गडद मरूनच घ्यावा.

पर्स त्याच छटेची शोधत बसू नका. जवळजवळ जुळणाऱ्या दोन छटा फसलेल्या वाटतात. टॅन चपलेबरोबर गडद चॉकलेटी पर्स अधिक छान दिसते. जीन्सला घासून फिक्या पर्सवर निळे डाग पडतात आणि ते सहसा निघत नाहीत, हेही गडद रंग घेण्याचं कारण.

आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका. वस्तू दाराशी, उजेडात न्या. टॅन नारिंगीकडे झुकत असेल, तर तो गुलाबी कपड्यांशी भांडेल, दुसरा मागा.