२८ची सरासरी २८च का राहिली?

आठ मुलांची घटक चाचणी झाली. पेपर ४० गुणांचा. गुण आले ३१, २४, ३८, १८, २९, ३४, २२ आणि २८. बेरीज २२४, म्हणजे सरासरी २८. आता हे गुण ८० पैकी करून प्रगतिपुस्तकात भरायचे आहेत. वहीवर करायचं तर काम सोपं आहे, प्रत्येक गुण दुप्पट करायचा. हेच काम संगणकावर पायथन भाषेत करू पाहणारा नवखा माणूस साधारणपणे असं लिहितो:

```python
gun = [31, 24, 38, 18, 29, 34, 22, 28]
dupat = gun * 2
print(sum(dupat) / len(dupat))
```

पडद्यावर उत्तर येतं 28.0. कुठेही चूक दाखवली जात नाही, पण सरासरी ५६ यायला हवी होती.

हे का घडलं ते पाहायला `dupat` उघडून बघावं लागतं. त्यात आठ नव्हे, सोळा आकडे आहेत. आधीचे आठ आणि त्यांच्यामागे पुन्हा तेच आठ. पायथनने गुण दुप्पट केले नाहीत, मुलं दुप्पट केली. बेरीज ४४८ झाली हे खरं, पण भागणारा आकडाही ८ चा १६ झाला, म्हणून सरासरी जिथल्या तिथे राहिली. ही चूक स्वतःच स्वतःला झाकते.

चौकोनी कंसात मांडलेल्या अशा यादीला पायथनमध्ये लिस्ट म्हणतात. लिस्टचं हे वागणं विचित्र वाटलं तरी त्याला कारण आहे. लिस्टमध्ये काहीही ठेवता येतं: आकडा, मुलाचं नाव, तारीख, अगदी दुसरी लिस्टसुद्धा. मग `* 2` चा अर्थ ‘प्रत्येकाला दोनने गुणा’ असा कसा लावायचा? नावाला दोनने गुणणार कसं? सगळ्या प्रकारच्या याद्यांना लागू पडेल असा एकच अर्थ उरतो, तो म्हणजे ‘ही यादी दोनदा लिहा’. लिस्टला आपण आकडे दिले, पण ते आकडे आहेत हे ती गृहीत धरत नाही.

गुण ८० ऐवजी ५० पैकी करायचे असते तर १.२५ ने गुणावं लागलं असतं, आणि तिथे पायथनने लगेच `TypeError` दाखवून काम थांबवलं असतं, कारण यादी सव्वा वेळा लिहिता येत नाही. म्हणजे अपूर्णांकाने गुणताना चूक कळते आणि पूर्णांकाने गुणताना लपते. सरसकट ५ गुण वाढवून द्यायचे झाले तरी हाच प्रकार. `gun + 5` लिहिलं तर चूक दाखवली जाते. ती घालवण्यासाठी कोणी `gun + [5]` लिहिलं, तर यादीच्या शेवटी ५ गुण मिळवणारा एक नववा विद्यार्थी येऊन बसतो.

लिस्ट वापरून बरोबर उत्तर काढता येतंच. त्यासाठी एकेक गुण उचलायचा, दुप्पट करायचा आणि नव्या यादीत टाकायचा. या फेऱ्यांना लूप म्हणतात. `[g * 2 for g in gun]` असं एका ओळीत लिहिलं तरी आत लूपच आहे. फक्त आकड्यांचंच काम असेल तर मात्र ही फेरी आपल्या हाताने न लिहिण्याची सोय आहे. तिचं नाव नमपाय. पायथनमध्ये आकडेमोडीसाठी आधी न्यूमेरिक आणि नमअ‍ॅरे अशी दोन वेगवेगळी पॅकेजं होती. ट्रॅव्हिस ओलिफंट यांनी २००५ मध्ये ती एकत्र आणली आणि नमपाय तयार झालं. त्यातल्या आकड्यांच्या रांगेला अ‍ॅरे म्हणतात.

```python
import numpy as np
gun = np.array([31, 24, 38, 18, 29, 34, 22, 28])
print(gun.mean())
print(gun * 2)
print((gun * 2).mean())
```

आता उत्तरं येतात 28.0, मग `[62 48 76 36 58 68 44 56]`, आणि शेवटी 56.0. खूणही तेच आहे, अंकही तेच आहेत, पण अ‍ॅरेमध्ये `*` म्हणजे गुणाकारच. छापलेल्या ओळीत स्वल्पविराम नाहीत हेही लक्षात ठेवावं. समोर लिस्ट आहे की अ‍ॅरे, हे ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे.

इथे लूप नाहीसा झालेला नाही, तो आत गेला आहे. एखाद्या शिक्षकांकडे वर्गातल्या मुलांच्या घरच्या पत्त्यांची वही आहे असं समजा. प्रत्येक मुलाला निरोप द्यायचा तर पत्ता वाचायचा, घर शोधायचं, दार वाजवायचं आणि कोण बाहेर येतं ते बघायचं. लिस्ट ही अशी पत्त्यांची वही आहे. तिच्यात आकडे नसतात, आकडे संगणकाच्या स्मृतीत कुठे ठेवलेत त्यांचे पत्ते असतात. प्रत्येक पत्त्यावर जाऊन तिथे नक्की काय आहे हे पायथनला दर वेळी तपासावं लागतं. अ‍ॅरे म्हणजे बाकांवर ओळीने बसलेला वर्ग. सगळे आकडे शेजारी शेजारी, सारख्याच मापाच्या जागेत असतात, आणि त्यांचा प्रकार एकदाच नोंदलेला असतो. त्यामुळे फेरी सी भाषेत लिहिलेल्या नमपायच्या आतल्या भागात, मध्ये कुठेही न थांबता पूर्ण होते. आठ मुलांसाठी हा फरक जाणवणारही नाही. लाखो गुणांच्या यादीवर तो स्पष्ट दिसतो.

ही सोय एका अटीवर मिळते: अ‍ॅरेमधली सगळी मंडळी एकाच प्रकारची हवीत. नमपाय वापरताना ज्या चुका होतात, त्यातल्या पुष्कळशा या एका अटीपाशीच येऊन पोहोचतात.

गैरहजर मुलाचंच घ्या. शाळेच्या गुणपत्रकात त्याच्या रकान्यात ‘AB’ लिहायची पद्धत असते. ती तशीच अ‍ॅरेमध्ये आणली तर एका ‘AB’ मुळे सगळे गुण अक्षरांत बदलतात. ३१ हा आकडा राहत नाही, ‘31’ असा मजकूर होतो, आणि पुढचा गुणाकार चूक दाखवून थांबतो. यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे गैरहजर मुलाला शून्य देणं. तसं केल्यास बेरीज २२४ च राहते, पण भागायचं ९ ने, म्हणून सरासरी २८ वरून जवळपास २४.९ वर येते. जो पेपरला बसलाच नाही त्याच्यामुळे वर्ग कच्चा दिसू लागतो. योग्य रीत अशी की त्याच्या जागी `np.nan` ठेवावं. ‘इथे आकडा नाही’ हे सांगणारी ती खास खूण आहे, आणि ती दशांश आकड्यांच्या रांगेत बसते. मग साध्या `mean` ने उत्तरही `nan` येतं, म्हणजे काहीतरी राहून गेल्याचं लपत नाही. `np.nanmean` वापरलं की गैरहजर मुलगा वगळून सरासरी पुन्हा २८ येते.

याच अटीचा दुसरा परिणाम जास्त अवघड, कारण तो दिसत नाही. आपले आठही गुण पूर्णांक होते, म्हणून अ‍ॅरे पूर्णांकांचा बनला. पेपर पुन्हा पाहताना पहिल्या मुलाला अर्धा गुण वाढवून द्यायचा ठरला आणि आपण `gun[0] = 31.5` लिहिलं, तर अ‍ॅरेमध्ये ३१ च राहतात. अर्धा गुण काहीही न सांगता गळून पडतो. म्हणून अर्धे-पाव गुण येण्याची शक्यता असेल तर अ‍ॅरे पहिल्यापासून दशांशांचा करावा: `np.array([...], dtype=float)`. `gun * 1.25` मध्ये मात्र ही भीती नाही, कारण तिथे निकाल नव्या अ‍ॅरेमध्ये येतो आणि तो दशांशांचाच असतो.

आता ५० पैकी गुण काढू. १.२५ ने गुणल्यावर मिळतात ३८.७५, ३०, ४७.५, २२.५, ३६.२५, ४२.५, २७.५ आणि ३५. सरासरी बरोबर ३५, म्हणजे २८ ची सव्वापट. प्रगतिपुस्तकात पूर्णांक हवेत म्हणून `np.round` वापरलं, तर ४७.५ चे ४८ होतात आणि २७.५ चे २८ होतात, पण २२.५ चे २२ आणि ४२.५ चे ४२ होतात. दोन मुलांना अर्धा गुण वाढवून मिळाला, दोघांचा अर्धा गुण गेला. यात बिघाड काही नाही. बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायचं, असा नमपायचा नियम आहे. त्यामागे विचारही आहे: या पद्धतीने पूर्णांक केलेल्या गुणांची सरासरी ३५ च राहते, तर सगळे अर्धे वर नेले की ती ३५.२५ होते. पण ‘अर्धा आला की पुढचा पूर्ण’ असं शाळेत ठरलेलं असेल, तर ४२.५ मिळवणाऱ्या मुलाला ४३ च मिळायला हवेत. तिथे `np.floor(x + 0.5)` लिहावं. वर्गाची सरासरी जपायची की ठरलेला नियम प्रत्येक मुलाला सारखा लावायचा, हे आधी माणसाने ठरवायचं असतं.

मग लिस्ट टाकून द्यावी का? तसं अजिबात नाही. नाव, हजेरी क्रमांक आणि शेरा एकत्र ठेवायचा असेल तर लिस्टच योग्य. आठ-दहा गुणांची नुसती सरासरी हवी असेल तर `sum(gun) / len(gun)` पुरेसं आहे. त्यासाठी नमपाय आणलं तर लिस्टचा अ‍ॅरे करण्यातच जास्त वेळ जातो. सगळ्या रांगेला एकदम गुणायचं, वाढवायचं, पूर्णांक करायचं, असं काम आलं की अ‍ॅरे घ्यावा.

आणि गुण भरण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. मुलं आठ होती, तर `len` आठच सांगतं का? आणि गुण ज्या पटीत वाढवले, पूर्णांक करण्याआधीची सरासरी त्याच पटीत वाढली का? सुरुवातीच्या त्या तीन ओळी या दोन्ही प्रश्नांपाशी अडल्या असत्या. तिथे मुलं सोळा झाली होती, आणि २८ ची सरासरी २८ च राहिली होती.