तिसऱ्या वर्तुळात आठ

दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर गावातल्या अभ्यासिकेत गेले, ते एका मुलीच्या वहीमुळे. जीवशास्त्राच्या उजळणीला तिच्याकडे एकच संध्याकाळ होती, तरी पान भरून तिने नुसती वर्तुळं काढली होती.

सूत्री विभाजनाचा क्रम मुलांनी एका वाक्यात बसवला आहे : ‘पूजा मधूनच पळाली अंगणात.’ पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. क्रम पक्का होतो, पण पेशीत काय घडतं ते हे वाक्य सांगत नाही. ते काम वर्तुळांचं.

तिने पेशी घेतली चार गुणसूत्रांची. पहिल्या वर्तुळात चार जाड गुणसूत्रं. प्रत्येकात दोन अर्धगुणसूत्रं, गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली. केंद्रकाचं आवरण तुटक रेषेने, कारण ते विरघळतं आहे. दुसऱ्यात तीच चार, मधोमध एका ओळीत, दोन्ही ध्रुवांकडून आलेल्या तर्कुतंतूंना बांधलेली. तिसऱ्याशी पेन्सिल थांबली.

“ताई, इथे आठ होतात,” ती म्हणाली. “मोजायचं असतं गुणसूत्रबिंदूवरून.”

बिंदू दुभंगले की प्रत्येक अर्ध स्वतंत्र गुणसूत्र ठरतं. म्हणून आठ : चार वर, चार खाली. चौथ्या वर्तुळात दोन केंद्रकं, प्रत्येकात चार. चार, चार, आठ, चार-चार. चारही चित्रं दोन-तीन मिनिटांत झाली.

शेजारच्या मुलाचं तिसरं वर्तुळ दिसायला नीटनेटकं होतं, पण गुणसूत्रांची टोकं ध्रुवाकडे आणि वळणं मध्याकडे होती. तिने ती खोडायला लावली. तंतू ओढतात ते गुणसूत्रबिंदूला. तो पुढे जातो आणि भुजा मागे फरफटतात, म्हणून तो देखावा केळीच्या घडासारखा दिसतो. ओढणारा हात कुठे आहे हे कळलं की आकार पाठ करावा लागत नाही.

पेशीअंगकांनाही तिने हीच रीत लावली होती. ‘तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र’ एवढ्यावर एक मार्क मिळतो. पण गॉल्जी संकुलाचं काम तिने बाणांनी काढलं होतं : रायबोझोमवर प्रथिन तयार होतं, आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जीकडे जातं, तिथे त्याच्यावर प्रक्रिया आणि वर्गवारी होते आणि ते पिटिकेतून पेशीपटलाकडे निघतं. गॉल्जीतूनच लयकारिकाही तयार होतात. एका बाणात चार अंगकं आली.

मला हीच उजळणी खरी वाटते. पूजाचं वाक्य जरूर पाठ करा, क्रम चुकणार नाही. मग पुस्तक मिटून चार वर्तुळं काढा आणि मोजा. तिसऱ्यात आठ आली नाहीत, तर नावं पाठ झाली आहेत, विभाजन अजून समजायचं आहे.