तीन संभाजी, तीन चौकटी

भोसले घराण्याची हाताने काढलेली वंशावळ उतरवून घेताना पहिला घोळ नावांचा होतो. शहाजीराजांचा थोरला मुलगा संभाजी, शिवाजीराजांचा थोरला मुलगाही संभाजी आणि राजारामांना राजसबाईंपासून झालेला मुलगाही संभाजीच.

म्हणून आधी प्रत्येक चौकटीला क्रमांक द्यावा आणि रेघेऐवजी नातं लिहावं:

१. शहाजी
२. संभाजी: वडील १, आई जिजाबाई
३. शिवाजी: वडील १, आई जिजाबाई
४. व्यंकोजी: वडील १, आई तुकाबाई
५. संभाजी: वडील ३, आई सईबाई

आईचं नाव गाळलं, तर व्यंकोजी शिवाजीराजांचे सख्खे भाऊ ठरतात!

एकमेकींना छेदून जाणाऱ्या रेघा जास्त फसवतात. अशी रेघ बोटाने थेट वरच्या चौकटीपर्यंत नेऊन पाहावी. पुसट झालेली रेघ अंदाजाने जोडू नये. तिथे प्रश्नचिन्ह ठेवावं. शेवटी यादीवरून झाड पुन्हा काढून मूळ कागदाशी ताडलं, की चुकलेला क्रमांक लगेच सापडतो.